एकच जास्तीचा माणूस हवाय, पण 'कागदावर तर तुमची टीम पुरेशी आहे' असं उत्तर मिळालं. बिझनेस केस कशी लिहू?

रानपाखरू

आमची सहा जणांची टीम आहे. नवीन ग्राहकांच्या अर्जांची छाननी करून खातं सुरू करून देणं हे काम. टार्गेट असं की फाइल आल्यापासून पाच कामकाजी दिवसांत निकाली निघाली पाहिजे. सध्या शंभरातल्या साठच वेळेत निघतात. सहा महिन्यांपूर्वी टेबलावर 66 फाइली पडून होत्या, आज 120 आहेत.

मागच्या तिमाहीत मी एक पान लिहून दिलं होतं. 'टीमवर खूप ताण आहे, लोक थकलेत, किमान दोन माणसं द्या' असा मजकूर होता. साहेबांनी माझेच आकडे घेऊन ते परतवलं. महिन्याला 450 फाइली येतात, एका फाइलीला सरासरी 1.4 तास लागतात, म्हणजे 630 तासांचं काम. माणशी महिन्याला 114 तास खरे हाताशी राहतात (रजा, सुट्ट्या आणि रोजचे दोन तास मीटिंगा-मेल-फोनचे वजा करून), म्हणजे सहा जणांचे 684. 'कामापेक्षा तास जास्त आहेत, मग अडतंय कुठे?' यावर मला काही बोलता आलं नाही. पण 120 फाइली तर डोळ्यांसमोर आहेत!

पुढच्या महिन्यात पुन्हा संधी आहे. या वेळी दोन नको, एकच मागणार आहे. कुठून सुरुवात करू?

वळणावर

अगदी माझ्या मनातलं बोललात. गेली दोन वर्षं मी दोघांचं काम एकटा करतोय. पगारवाढ मागितली तर 'बजेट नाही'. माझा सल्ला, रोज वेळेवर उठून घरी जा. काम अडलं की आपोआप माणूस मिळतो.

रानपाखरू

@वळणावर, तुमची तगमग कळते, पण माझा प्रश्न पगारवाढीचा नाही. आणि काम अडलेलंच आहे की, तरी माणूस मिळालेला नाही.

तिरकस

मी उलट बाजूने बोलतो. उशीर झालेल्या कामात माणसं वाढवली की काम आणखी लांबतं, हे फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलंय. नवा माणूस शिकणार, जुने त्याला शिकवणार, तोवर फाइली तशाच. त्यापेक्षा फाइलीला 1.4 तास का लागतात ते बघा. निम्मं काम फालतू निघेल.

खतावणी

मी पंधरा वर्षं फायनान्समध्ये असे अर्ज वाचतो आणि बहुतेक परत पाठवतो, तेव्हा पलीकडच्या खुर्चीतून सांगतो.

रानपाखरू, तुमचा जुना अर्ज फेटाळणं बरोबरच होतं. 'ताण आहे' असं प्रत्येक टीम लिहिते. मला दोन टीम्समधून एक निवडायची असते आणि ताण मोजायची पट्टी माझ्याकडे नसते. पण साहेबांचा हिशेबही अर्धाच आहे, आणि तुमची केस त्या अर्ध्यातच दडलीय.

एक विचारतो. त्रुटी काढून ग्राहकाकडे परत पाठवलेली फाइल पुन्हा आली की सिस्टीममध्ये तिची नवी नोंद होते का?

रानपाखरू

नाही. जुन्याच क्रमांकावर उघडते. त्यामुळे 450 मध्ये ती एकदाच मोजली जाते. आणि 1.4 तास हा पहिल्या छाननीचा वेळ आहे.

खतावणी

मग तुमचे हरवलेले तास तिथे आहेत. किती परत येतात ते एका महिन्याच्या नोंदींतून मोजा. अंदाज नको.

रानपाखरू (दुसऱ्या दिवशी)

मोजलं. गेल्या महिन्यात 90 फाइली दुसऱ्यांदा उघडल्या. वीस फाइलींवर घड्याळ लावून पाहिलं तर सरासरी पाऊण तास. म्हणजे 67.5 तास. एकूण काम 630 नाही, 697.5 तास! हाताशी 684. तूट साडेतेरा तासांची.

खतावणी

शाब्बास. आता हा आकडा खरा की आपल्याला हवा तसा निघाला, ते तपासायची एक सोपी रीत आहे. एका फाइलीमागे एकूण वेळ झाला 697.5 भागिले 450, म्हणजे 1.55 तास. साडेतेरा तासांची तूट म्हणजे महिन्याला साधारण 9 फाइली मागे पडणार. सहा महिन्यांत 54. तुमच्या टेबलावर 66 च्या 120 झाल्या, म्हणजे नेमक्या 54 वाढल्या. तासांचा हिशेब आणि प्रत्यक्ष साठलेला ढीग अशा दोन वेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचलात, तर फायनान्सवाला वाद घालत नाही. अर्जात पहिल्या पानावर एवढंच घाला.

टार्गेटशी सांधा असा जोडायचा. 684 तासांत महिन्याला 441 फाइली निघतात, 21 दिवसांच्या महिन्यात रोज 21. ढिगात 120 असतील आणि रोज 21 निघत असतील तर फाइलीचा सरासरी मुक्काम 120 भागिले 21, म्हणजे 5.7 दिवस. हा लिटलचा नियम, जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला. ढीग हळूहळू बदलत असतानाही अंदाजाला चालतो. सरासरीच पाचाच्या वर असेल तर लोकांनी कितीही मान मोडून काम केलं तरी टार्गेट गाठता येणार नाही. हे वाक्य साहेबांना 'लोक थकलेत' यापेक्षा जास्त बोचेल.

भिंगरी

मध्येच विचारते. टीम उशिरापर्यंत थांबते का? थांबत असेल तर ते तास 684 मध्ये धरलेत का?

रानपाखरू

थांबतात. नोंद कुठेच नाही. सगळ्यांचे मिळून महिन्याला 30-40 तास असतील. धरलेले नाहीत.

भिंगरी

मग हिशेब इतका चोख कसा जुळला? 35 तास जास्तीचे घातले तर तूट उरायलाच नको, ढीग उतरायला हवा.

खतावणी

नेमकं बोट ठेवलंत, मी हे आधी विचारायला हवं होतं. ढीग वाढतोय हे तर खरंच आहे, म्हणजे 35 तास दुसरीकडे कुठेतरी गळतायत. एक तर रोजचे वजा केलेले दोन तास कमी आहेत, किंवा फाइलीचा वेळ 1.4 पेक्षा जास्त आहे. सहा जण, 19 हजर दिवस, म्हणजे 114 माणूस-दिवस. 35 तास त्यांत वाटले तर माणशी रोज अठरा मिनिटं होतात. मीटिंग लांबल्याने एवढे सहज जातात.

रानपाखरू

मीटिंगच असाव्यात. पण मी शपथेवर सांगू शकत नाही.

खतावणी

मग अर्जात तसंच लिहा. 'नोंद न होणारं जास्तीचं काम अंदाजे 35 तास, हिशेबात धरलेलं नाही, त्यामुळे खरी तूट साडेतेरापेक्षा मोठी असण्याची शक्यता.' पुरावा नसलेला आकडा मुख्य हिशेबात घुसवला की पुरावा असलेल्या आकड्यांवरही संशय येतो. आणि दोन आठवडे वेळ लिहून ठेवायला सांगा, पंधरा-पंधरा मिनिटांच्या घरांत. शोध माणसाचा नाही, तासांचा घ्यायचाय, हे टीमला आधी समजावून सांगा, नाहीतर सगळे आठ तास भरून देतील.

तिरकस

तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध केलंत. 67.5 तास दुरुस्तीत जातात आणि तूट फक्त साडेतेरा. अर्ज भरतानाच त्रुटी पकडा, चांगला नमुना द्या, दुरुस्ती निम्मी करा. 34 तास वाचले, तूट संपली, माणूस लागतच नाही. फुकटात काम!

रानपाखरू

@तिरकस, हे साहेब नक्की म्हणणार. आणि खरं सांगायचं तर मलाही पटतंय. 664 तासांचं काम, 684 हाताशी. मग मी माणूस मागू की नको?

खतावणी

तिरकस यांचं अर्धं बरोबर आहे. दुरुस्ती कमी कराच, माणूस मिळो न मिळो. अर्जात तो पर्याय तुम्ही स्वतःहून मांडला नाहीत तर समोरचा मांडेल आणि तुम्ही गृहपाठ न करता आल्यासारखं दिसेल.

पण त्या पर्यायाने काय मिळतं ते नीट बघा. 684 पैकी 664 म्हणजे टीम 97 टक्के भरलेली. महिन्याला 20 तास मोकळे, त्यांत ढिगातल्या 13-14 फाइली उतरतील. दोन महिन्यांत ढीग 93 वर येईल, सरासरी मुक्काम साडेचार दिवसांच्या आत. कागदावर टार्गेट गाठलं. आता एक जण आठवडाभर आजारी पडू द्या. 30 तास गेले, 20 फाइली साठल्या. महिन्याला 20 तासच मोकळे, म्हणजे त्या एका आजारपणातून सावरायला दीड महिना लागेल. तोवर दुसरा कोणी तरी रजेवर जाईलच, किंवा एखाद्या आठवड्यात फाइलींची लाट येईल. ढीग कधी खाली बसणारच नाही.

सातवा माणूस धरा. 798 तास, काम 697.5, टीम 87 टक्के भरलेली. महिन्याला 100 तास मोकळे. तेच 30 तासांचं आजारपण सहा-सात कामकाजी दिवसांत भरून निघतं. वर दुरुस्तीही निम्मी झाली तर 83 टक्के.

भरलेपण 87 वरून 97 वर गेलं की वाट पाहणं दहा टक्क्यांनी वाढतं असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. शंभरच्या जवळ जाल तसा मुक्काम झपाट्याने चढतो, कारण चढउतार पचवायला जागाच राहत नाही. साहेबांना रांगांचं गणित सांगू नका, आजारपणाचे हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. पुरे.

तिरकस

मान्य, पण ब्रूक्सचं काय? नवा माणूस पहिल्या दिवसापासून 114 तास देणार नाही.

खतावणी

ते म्हणणं सॉफ्टवेअर प्रकल्पांबद्दल होतं, जिथे एकाचं काम दुसऱ्यात गुंतलेलं असतं आणि प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलावं लागतं. इथे फाइली सुट्या आहेत, माझी फाइल तुमच्यावाचून अडत नाही. तरी पहिल्या महिन्यापुरते तुम्ही बरोबर आहात, आणि बहुतेक अर्ज तिथेच खोटे ठरतात. मंजुरीनंतर पुढच्याच महिन्यात सुधारणा दिसेल असं लिहितात. तीन महिन्यांनी कोणीतरी विचारतं, 'माणूस दिला, ढीग तर वाढला!'

रानपाखरू, नवा माणूस शिकायला किती वेळ घेतो?

रानपाखरू

मागच्या भरतीचा अनुभव असा. माणूस येईपर्यंत दोन महिने. पहिल्या महिन्यात पाव काम, दुसऱ्यात निम्मं, तिसऱ्यात ऐंशी टक्के. शिकवणाऱ्याचे पहिल्या महिन्यात 30 तास गेले, दुसऱ्यात 15, तिसऱ्यात पाचेक.

खतावणी

मग महिनावार ढीग असा चालेल. आज 120. भरतीच्या दोन महिन्यांत दर महिन्याला 9 वाढून 138. तिसऱ्या महिन्यात नवा 28 तास देईल आणि शिकवण्यात 30 जातील, म्हणजे फायदा नाहीच, उलट दोन तास तोटा. ढीग 148, सरासरी सात दिवस. तिरकस यांचा मुद्दा इथे खरा ठरतो. चौथ्या महिन्यात 130, पाचव्याच्या अखेरीस 83. तेव्हा रोज साधारण 24 फाइली निघत असतील, म्हणजे मुक्काम साडेतीन दिवसांच्या आसपास.

ही पाच आकड्यांची रेघ अर्जात काढा आणि लिहा, 'तिसऱ्या महिन्यात परिस्थिती आजच्यापेक्षा वाईट दिसेल.' हे वाचून मंजुरी अडल्याचं मी पाहिलेलं नाही. न लिहिल्यामुळे पुढच्या वर्षीचा अर्ज अडल्याचं मात्र पाहिलंय.

भिंगरी

आता पैशांचं बोला. आमच्याकडे मनुष्यबळ विभागात अर्ज येतात त्यात फक्त पगार लिहिलेला असतो. जागा, संगणक, परवाने, विमा, भरतीचा खर्च धरला की तो पगाराच्या सव्वा ते दीडपट होतो. तुमच्या कंपनीचा पट फायनान्सकडून घ्या, स्वतः बसवू नका.

रानपाखरू

खर्च कळेल. फायदा कसा दाखवू? उशीर झालेल्या फाइलींमधले 10 टक्के ग्राहक माघार घेतात, वेळेवर झालेल्यांतले 4 टक्केच. महिन्याला 180 फाइली उशिरा होतात. सहा टक्क्यांच्या फरकाने जवळपास 11 ग्राहक दर महिन्याला जातात. वर्षाला 130!

खतावणी

थांबा, इथेच पाय घसरतो. उशिरा होणाऱ्या फाइली कोणत्या? किचकट, कागद अपुरे असलेल्या. ते ग्राहक उशीर नसता झाला तरी कंटाळून गेले असते. उशिरामुळे गेले आणि किचकटपणामुळे गेले हे वेगळं काढलं नाहीत तर कोणीतरी काढेल. फक्त साध्या, एकाच धाटणीच्या फाइली घ्या आणि त्यांतल्या वेळेवर झालेल्या व उशिरा झालेल्या यांची तुलना करा.

रानपाखरू (दोन दिवसांनी)

केलं. साध्या फाइलींत वेळेवर 4 टक्के, उशिरा 7 टक्के. फरक निम्म्यावर आला. थोडं वाईट वाटलं.

खतावणी

वाईट वाटू देऊ नका, हा आकडा टिकेल. आणखी एक कात्री लावा. सातव्या माणसानंतर सगळ्याच फाइली वेळेत होतील असं धरू नका. 180 च्या 45 उशिरा राहतील असं धरा. म्हणजे 135 फाइली वेळेत आल्या, त्यांच्या 3 टक्के, महिन्याला 4 ग्राहक. वर्षाला 48.

आता एका ग्राहकामागे वर्षाला सुटणारा नफा घ्या. उलाढाल नव्हे, नफा. ही चूक दर दुसऱ्या अर्जात असते. माणसाचा वर्षाचा पूर्ण खर्च भागिले हा नफा, किती येतो?

रानपाखरू

फायनान्सकडून दोन्ही आकडे मिळाले. 30 ग्राहक.

खतावणी

म्हणजे वर्षाला 30 ग्राहक टिकले की माणूस फुकट, आणि तुमचा सावध अंदाज 48 चा आहे. पण पहिलं वर्ष वेगळं. पगार तिसऱ्या महिन्यापासून, म्हणजे दहा महिन्यांचा खर्च, 25 ग्राहकांइतका. फायदा सहाव्या महिन्यापासून, म्हणजे सात महिने गुणिले 4, 28 ग्राहक. त्यात भरतीचा खर्च आला की पहिल्या वर्षी जेमतेम बरोबरी. तसंच लिहा.

वळणावर

एवढं सगळं करून 'जेमतेम बरोबरी' लिहायचं? मग कोण मंजूर करणार!

खतावणी

दुसऱ्या वर्षापासून 30 ला 48 आहे ना. पहिल्याच वर्षी दुप्पट परतावा दाखवणारे अर्ज मी आधी बाजूला काढतो.

भिंगरी

सहा महिन्यांसाठी कंत्राटी माणूस हा पर्याय साहेब काढतीलच. शिकायलाच तीन महिने जाणार असतील तर अर्धा करार शिकण्यात जातो, आणि तो गेला की पुन्हा साडेतेरा तासांची तूट. पण दुरुस्तीचं काम सहा महिन्यांत निम्मं होणार असेल तर तेवढ्या काळापुरता चालेलही. मी असते तर हा पर्याय निकालात काढला नसता.

खतावणी

मला पटत नाही. 97 टक्क्यांवर येऊन थांबायचं आणि पुढच्या आजारपणाची वाट बघायची, असं ते होईल. पण आकडे लिहून समोर ठेवा, निवडू देत त्यांना.

नवखा१

छोटी शंका. दोन माणसं मागितली की एक मिळतो असं म्हणतात. मग एकच का मागायचा?

खतावणी

दोन मागितले तर 912 तास आणि टीम 76 टक्के भरलेली. फायनान्सला तो ऐसपैसपणा लगेच दिसतो आणि मग सगळाच हिशेब फुगवलेला वाटतो.

रानपाखरू (आठवड्याने)

मसुदा झाला, दीड पानाचा. तुमच्या मदतीशिवाय जमला नसता. शेवटचा परिच्छेद असा लिहिलाय, सांगा कसा वाटतो:

'जागा मंजूर न झाल्यास टीम सध्याच्या आकारात महिन्याला 441 फाइली देऊ शकते. त्या स्थितीत पाच दिवसांचं टार्गेट सात दिवसांचं करावं, किंवा कोणत्या प्रकारच्या फाइली मागे ठेवायच्या ते वरून ठरवून मिळावं. जागा मंजूर झाल्यास आणि पुढे सलग तीन महिने फाइली 390 च्या खाली राहिल्यास, टीममधली पुढची रिकामी होणारी जागा भरली जाणार नाही.'

390 असा काढला: सहा जणांचे 684 तास 88 टक्के भरले तर 602 तास, भागिले 1.55.

खतावणी

शेवटची अट मी कोणाच्या अर्जात पाहिलेली नाही. ठेवा. 'सात दिवसांचं करावं' मात्र जपून. तूट राहिली तर ढीग वाढतच जाणार, सात दिवसही दोन-तीन महिनेच टिकतील. ते वाक्यात घाला.

तिरकस

आणि दुरुस्ती निम्मी करण्याचं काम कोणाकडे दिलंय?

रानपाखरू

माझ्याकडेच. त्याला लागणारे तास हिशेबात धरायचे राहिलेत, हे आत्ता तुमच्या प्रश्नामुळे लक्षात आलं.